अटकपूर्व, अटकेनंतर आणि मधली बातमी



सकाळच्या चहाबरोबर पेपरमधलं जिल्ह्याचं पान आधी उघडायचं, ही माझी जुनी सवय. अग्रलेख नंतर. पाऊस कुठं किती झाला, बाजार समितीत सोयाबीनला काय भाव मिळाला, कोण गेलं, आणि मग कोपऱ्यातल्या गुन्हेगारीच्या बातम्या. या बातम्यांत अलीकडे एक शब्द फार भेटतो. "अमक्याला अटकपूर्व जामीन." "तमक्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला." कधी नुसतंच "आरोपीला जामीन", आणि तो अटकेआधीचा की नंतरचा याचा पत्ता पूर्ण बातमी वाचूनही लागत नाही.

आणि मग ओट्यावर चर्चा सुरू होते. जामीन मिळाला म्हणजे सुटला. फेटाळला म्हणजे केलंच असणार त्यानं. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, आधी फेटाळला आणि पंधरा दिवसांनी मिळाला, तर "काहीतरी मॅनेज झालं!" हा तिसरा निष्कर्ष तर आमच्याकडे इतक्या खात्रीने काढला जातो की जणू सगळे त्या वेळी न्यायाधीशांच्या शेजारीच बसले होते.

मी वकील नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं. पण शब्द चुकीच्या जागी बसलेला दिसला की मास्तरला गप्प बसवत नाही. बुलढाण्याच्या कोर्टात माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो. त्याला मी गेल्या दोन-तीन वर्षांत भरपूर छळलं आहे. "सर, आता तुम्हीच सनद घ्या," असं तो म्हणतो. त्याच्याकडून समजून घेतलेलं आणि काही निकालपत्रं स्वतः चष्मा पुसून पुसून वाचलेलं, त्यातलं थोडं आज इथे लिहितो.

आधी शब्दच घेऊ. 'जामीन' हा मूळ अरबीतून आलेला, आणि त्याचा अर्थ हमी घेणारा माणूस. आपल्या बोलण्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. "मी त्याला जामीन राहिलो" असं आपण सोसायटीच्या कर्जाच्या वेळी म्हणतोच. म्हणजे जामीन ही सुटका नाही. "हा माणूस बोलावलं की येईल" याची कुणीतरी दिलेली हमी आहे. कोर्ट त्या माणसाला सोडत नसतं, त्याला एकाच्या ताब्यातून काढून हमीच्या दोरीला बांधत असतं. दोरी लांब असते, पण असते. हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

नेहमीचा जामीन, म्हणजे कोर्टात ज्याला नियमित जामीन म्हणतात तो, अटकेनंतरचा. पोलिसांनी माणूस पकडला. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं (प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत). तिथे पोलीस म्हणतात, आम्हाला चौकशीला हवा. मग मिळते ती पोलीस कोठडी, कोर्टाच्या आवारात जिला सगळे 'पीसीआर' म्हणतात. पोलिसांचं काम झालं की 'एमसीआर', म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. गंभीर गुन्ह्यात वकील मंडळी साधारण पीसीआर संपून एमसीआर झाला की जामिनाचा अर्ज पुढे रेटतात. मंजूर झाला तर जामीनदार आणायचा, त्याचा सातबारा नाहीतर घराची कर पावती जोडायची, बंधपत्र लिहून द्यायचं, मग कोर्टाचा सुटकेचा हुकूम तुरुंगात जातो. तो संध्याकाळी बंदी व्हायच्या आत पोचला नाही तर आणखी एक रात्र आत. घरचे लोक फाटकाबाहेर डबा घेऊन उभे असतात, हे दृश्य बुलढाण्यात ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

आता अटकपूर्व. माणूस तोच, आरोपही तोच, पण तो अजून बाहेर आहे. त्याला वाटतंय की अजामीनपात्र गुन्ह्यात आपल्याला पकडतील. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जातो (न्यायदंडाधिकाऱ्यांना हा अधिकार नाही) आणि म्हणतो, मला पकडलंच तर लगेच जामिनावर सोडा, असा हुकूम आत्ताच देऊन ठेवा.

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. 'अटकपूर्व जामीन' या शब्दावरून वाटतं की जामीन अटकेच्या आधी लागू होतो. तसं नाही. हुकूम आधी होतो, पण तो कामाला लागतो अटकेच्या क्षणी. हुकमाची भाषाच अशी असते की, "अटक झाल्यास इतक्या रकमेच्या जातमुचलक्यावर आणि तितक्याच रकमेच्या जामीनदारावर मुक्त करावे." तो कागद घेऊन माणूस पोलीस ठाण्यात जातो, तपास अधिकारी अटकेची नोंद करतात, कागदं घेतात आणि त्याला तिथल्या तिथे सोडतात. अटक टळत नाही, टळते ती कोठडी. गंमत म्हणजे ज्या कलमाखाली हे सगळं पन्नास वर्षं चाललं, त्या जुन्या ४३८ कलमाच्या मूळ मजकुरात 'अटकपूर्व जामीन' हे शब्दच नव्हते. ते वकिलांनी आणि लोकांनी रूढ केले.

ही सोय आपल्याकडे पूर्वापार नव्हती. १८९८ च्या इंग्रजी अमदानीतल्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तिचा मागमूस नाही. १९६९ मध्ये विधी आयोगाने आपल्या ४१व्या अहवालात ती सुचवली, आणि दिलेलं कारण वाचताना मला आमचीच गावं आठवली: वजनदार माणसं आपल्या विरोधकांना खोट्या प्रकरणात गोवतात, हेतू एवढाच की माणसाची बेअब्रू व्हावी आणि चार दिवस तरी तो आत बसावा. खटल्याचं पुढे काय होईल ते होईल, चार दिवसांत काम भागतं. यावर उपाय म्हणून १९७३ च्या नव्या संहितेत कलम ४३८ आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आता तेच कलम ४८२ झालं आहे. कोर्टाच्या बाररूममध्ये मात्र अजून "चारशे अडतीस टाकलंय का?" असंच विचारतात म्हणे.

कायदा आला तरी तो किती सैल धरायचा यावर वाद होताच. तो १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेला. पंजाबचे माजी पाटबंधारे मंत्री गुरबक्ष सिंग सिब्बिया यांचं ते प्रकरण, आणि निकाल लिहिला आपल्या मराठी सरन्यायाधीशांनी, यशवंतराव चंद्रचूडांनी. आज कुठल्याही अटकपूर्व जामिनाच्या अर्जात या निकालाचं नाव येतंच. त्यातलं सामान्य वाचकाला उपयोगी तेवढं सांगतो. फिर्याद नोंदलेली नसली तरी अर्ज करता येतो. पण नुसती धाकधूक चालत नाही, आपल्याला अटक होईल असं मानायला दाखवता येण्याजोगं कारण लागतं. "मला कधीही, कशातही अटक झाली तर सोडा" असा सरसकट हुकूम मागता येत नाही, कोणत्या आरोपात ते सांगावं लागतं. आणि एकदा का अटक झाली की हा दरवाजा त्या आरोपापुरता बंद. मग नियमित जामीनच.

आणखी एक गोष्ट, जिच्यात बातमीदार हमखास गोंधळ करतात. अर्ज आला की निकाल त्याच दिवशी होतो असं नाही. सरकारी वकिलांना पोलिसांचं म्हणणं सादर करायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांसाठी न्यायालय कधी कधी अंतरिम संरक्षण देतं, म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत पकडू नका. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत, "अटकपूर्व जामीन मंजूर!" आठ दिवसांनी अंतिम सुनावणीत अर्ज फेटाळला जातो, आणि वाचक म्हणतो, दिलेला जामीन काढून घेतला की काय? काढून घेतला नाही, कारण तो दिलेलाच नव्हता.

हे सगळे टप्पे एकाच प्रकरणात पाहायचे असतील तर महाराष्ट्रातलं कणकवलीचं प्रकरण घ्या. आपल्यापैकी बहुतेकांनी ते टीव्हीवर पाहिलं आहे, पण आरडाओरड्यात त्यातलं शिकण्यासारखं निसटून गेलं. (राजकारणावर मला इथे काहीही म्हणायचं नाही. प्रतिक्रियांत कुणी ते काढलं तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.)

१८ डिसेंबर २०२१ रोजी कणकवलीत शिवसेनेच्या एका कार्यकर्त्यावर हल्ला झाला. सिंधुदुर्ग जिल्हा बँकेची निवडणूक तोंडावर होती. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला आणि त्यामागच्या कटात तिथले भाजपचे आमदार नितेश राणे यांचं नाव आलं. त्यांचं म्हणणं होतं की हे सगळं राजकीय सूडातून चाललंय. विधी आयोगाच्या अहवालात जी भीती लिहिली होती, नेमका तोच युक्तिवाद. खरं काय हे ठरवायचं काम खटल्याचं. आपण फक्त जामिनाचा माग काढू.

राणे यांना अटक झालेली नव्हती, म्हणून त्यांनी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागितला. ३० डिसेंबरला तो नाकारला गेला. मग उच्च न्यायालय. तिथे १७ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती भडंग यांनीही नाकारला, पण त्याच गुन्ह्यातल्या एका सहआरोपीला मात्र दिला. इथे थोडं थांबा. गुन्हा एक, फिर्याद एक, तरी एकाला मिळतो आणि दुसऱ्याला नाही. कारण न्यायालय 'गुन्हा घडला का' एवढंच बघत नाही, त्या गुन्ह्यात या माणसावर कोणती भूमिका लावली आहे आणि तिच्या तपासासाठी त्याला ताब्यात घेण्याची गरज आहे का, हेही बघतं. प्रत्येकाचं माप वेगळं.

मग सर्वोच्च न्यायालय. २७ जानेवारीला सरन्यायाधीश रमणा यांच्या खंडपीठाने अटकपूर्व जामीन दिला नाही. पण दहा दिवस अटक करू नका असं सांगितलं, आणि राणे यांना सांगितलं की खालच्या न्यायालयात शरण जा आणि नियमित जामीन मागा. त्या दिवशी काही वाहिन्यांवर "राणेंना दिलासा" आणि काहींवर "राणेंना दणका" अशा पट्ट्या एकाच वेळी पळत होत्या. दोन्ही अर्ध्या खऱ्या. अटकपूर्व जामिनाचा रस्ता संपला, आणि दुसऱ्या रस्त्याच्या तोंडाशी जायला दहा दिवसांची सवड मिळाली.

खरी शाळा यापुढे आहे. ते सत्र न्यायालयात आले आणि नियमित जामिनाचा अर्ज केला. सरकार पक्षाने हरकत घेतली की, हा माणूस कोठडीत आहे कुठे? नियमित जामीन म्हणजे ताब्यातून सुटका. जो ताब्यातच नाही त्याला सोडायचं कसं? १ फेब्रुवारीला तो अर्ज फेटाळला गेला. न्यायालयाबाहेर गाडी अडवण्यावरून पोलिसांशी वादावादी झाली, ती सगळ्यांनी पाहिली. आतला मुद्दा मात्र फारच थोड्यांनी लक्षात घेतला.

दोन्ही जामिनांतला फरक खरं तर त्या एका हरकतीत मावतो. अटकपूर्व जामिनाला माणूस बाहेर असायला हवा, नियमित जामिनाला तो आत असायला हवा. मग 'आत' म्हणजे कुठे? प्रत्येक वेळी लॉकअपच लागतो का? यावरही आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० सालीच लिहून ठेवलं आहे. त्या प्रकरणात आरोपी स्वतः पोलीसच होते. न्यायमूर्तींनी सांगितलं की पोलिसांनी पकडलं म्हणजेच ताबा, असं नाही. माणूस स्वतः न्यायालयापुढे हजर झाला आणि त्याने स्वतःला न्यायालयाच्या हुकमाधीन केलं, तरी तो ताबाच. पण ते खरंखुरं शरण जाणं हवं. तुम्ही हुकमाधीन झालात की न्यायालय तुम्हाला जामीन देईल किंवा कोठडीत पाठवील, दोन्हीची तयारी ठेवून उभं राहायचं. हजेरी लावून जामीन घ्यायचा आणि नाही मिळाला तर आल्या पावली गाडीत बसायचं, असं चालत नाही.

२ फेब्रुवारीला राणे कणकवलीच्या न्यायालयात शरण गेले. दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. ४ तारखेला न्यायालयीन कोठडी. ९ फेब्रुवारीला सत्र न्यायालयाने नियमित जामीन दिला, अटींसह.

म्हणजे ज्या सत्र न्यायालयाने डिसेंबरअखेर अटकपूर्व नाकारला, त्याच जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाने जेमतेम सहा आठवड्यांनी नियमित दिला. ओट्यावरचे आमचे मित्र इथेच "मॅनेज" हा शब्द काढतात. पण प्रश्न बदलला होता ना! अटकपूर्वच्या वेळी प्रश्न असा असतो की, पोलिसांना या माणसाला ताब्यात घेऊन विचारपूस करण्याची संधी नाकारायची का? नियमितच्या वेळी प्रश्न असतो की, ती संधी देऊन झाली, आता त्याला आणखी आत ठेवायला काही कारण उरलं आहे का? दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं आली तर त्यात विसंगती नाही. माझ्या मते पहिलं 'नाही' आणि दुसरं 'हो' हा मारामारीच्या गुन्ह्यांतला सगळ्यात नेहमीचा क्रम आहे.

का, ते आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. आपल्याकडचा सगळ्यात जुना आजार म्हणजे धुऱ्याचा वाद. पेरणीच्या तोंडावर दोन भावक्या भिडतात, कुऱ्हाडी-काठ्या निघतात, कुणाचं तरी डोकं फुटतं किंवा हात तुटतो. फिर्यादीत घरातले झाडून सगळे पुरुष येतात, जो त्या दिवशी गावातच नव्हता तोसुद्धा. धारदार हत्याराने गंभीर दुखापत हा अजामीनपात्र गुन्हा. आता चार भाऊ सत्र न्यायालयात अटकपूर्वसाठी जातात. पोलिसांच्या म्हणण्यात एक वाक्य ठरलेलं असतं: "गुन्ह्यात वापरलेले हत्यार हस्तगत करणे बाकी आहे." ताब्यातल्या आरोपीने सांगितल्यावरून कुऱ्हाड सापडली तर तेवढा भाग खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतो. म्हणून ज्याच्या हातात कुऱ्हाड होती असं फिर्याद म्हणते त्याचा अर्ज बहुधा नामंजूर होतो, आणि ज्याच्यावर नुसतं "शिवीगाळ केली, मारा मारा म्हणाला" एवढंच आहे त्याचा मंजूर. मग कुऱ्हाडवाला अटक होतो, पोलीस कोठडीत जातो, गोठ्यामागून कुऱ्हाड निघते, पंचनामा होतो, जखमी दवाखान्यातून घरी येतो, साक्षीदारांचे जबाब होतात. आणि मग त्यालाही नियमित जामीन मिळतो. कारण त्याला आत ठेवून आता मिळवायचं काही राहिलं नाही.

अशाच एका प्रकरणात माझा एक माजी विद्यार्थी होता. नाव आणि गाव सांगत नाही. शांत मुलगा, अक्षर मोत्यासारखं. फिर्यादीत त्याच्यावर काठी लावली होती. अटकपूर्व अर्ज फेटाळला गेला, तेव्हा एका पेपरात त्याच्या नावासकट चौकट आली. पुढे बारा दिवसांनी नियमित जामीन मिळाला, त्याची एक ओळ आली नाही. मधल्या काळात त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. वरपक्षाच्या वडीलधाऱ्याने मला फोनवर सांगितलं, "गुरुजी, कोर्टानंच नाकारलं म्हणजे काहीतरी असेलच ना." मी त्यांना जवळजवळ अर्धा तास वर लिहिलेलं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सभ्य माणूस होता. पण चौकट त्यांच्या गावातही पोचली होती आणि माझा फोन फक्त त्यांच्यापर्यंत.

म्हणून माझं पेपरवाल्यांशी भांडण आहे. अटकपूर्व जामीन मिळणं हे निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र नाही, तसं नाकारलं जाणं हा दोषाचा शिक्का नाही. त्या टप्प्यावर न्यायालयापुढे साक्षीदार आलेला नसतो, उलटतपासणी झालेली नसते, दोषारोपपत्रसुद्धा बहुधा आलेलं नसतं. फिर्याद आणि पोलिसांची केस डायरी, एवढ्यावर न्यायाधीश कोठडीपुरतं ठरवतात. बातमीत कोणत्या न्यायालयाने, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने आणि कोणत्या अटींवर हे ठरवलं, या चार गोष्टी आल्या तर वाचकाची निम्मी दिशाभूल टळेल. अटी तर कधीच येत नाहीत. अमुक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदाराला भेटायचं नाही, देश सोडायचा नाही, कधी पासपोर्ट जमा करायचा. या मोडल्या तर जामीन रद्द करून घ्यायला सरकार पक्ष न्यायालयात जाऊ शकतो. "मोकाट सुटला" असं लिहिताना ही दोरी दिसायला हवी ना?

अजून एक गैरसमज. अटकपूर्व जामीन चार-आठ दिवसांपुरताच असतो, नंतर नियमित घ्यावाच लागतो, असं पुष्कळांना वाटतं. पूर्वी काही निकालांमुळे तशी मुदत घालण्याची पद्धत होती. २०१० मध्ये अक्कलकोटच्या सिद्धराम म्हेत्रे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या पद्धतीला चूक म्हटलं, तरी वाद मिटला नाही. शेवटी २९ जानेवारी २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सुशीला अग्रवाल प्रकरणात सांगितलं की सर्वसाधारणपणे मुदत घालू नये, हा जामीन खटला संपेपर्यंत चालू शकतो. विशेष कारण असेल तर न्यायालय मुदत घालू शकतं, तो भाग वेगळा.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. या सोयीची एक अट कायद्यात कुठेच लिहिलेली नाही, पण ती आहे. तुम्हाला पोलिसांच्या आधी कळायला हवं. फिर्याद झाली हे ज्याला ठाण्यातून कुणीतरी हळूच सांगतं, ज्याचा वकील फोन उचलतो, ज्याच्याकडे बुलढाण्याला नाहीतर खामगावला सत्र न्यायालयात आणि तिथे नाही जमलं तर साडेतीनशे किलोमीटरवर नागपूर खंडपीठापर्यंत जायला पैसे आहेत, तो अटकपूर्व मागतो. शेतमजुराला फिर्याद झाल्याचं कळतं तेव्हा जीप दारात उभी असते. त्याचा हा दरवाजा त्याच क्षणी बंद होतो. तो थेट दुसऱ्या रांगेत. मग जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळेना, सातबारा कुणाचा आणायचा, अशी गत. कायदा दोघांना सारखाच आहे, पण एकाला तो उंबऱ्याच्या बाहेर भेटतो आणि दुसऱ्याला गजाआड.

यावर आमचे एक मेहुणे म्हणतात, "मग बंदच करून टाका ना ही सोय, श्रीमंतांचे चोचले!" मला ते पटत नाही. ज्या कारणासाठी ती आली ते कारण अजून आमच्या तालुक्यात धडधाकट आहे. खोटी फिर्याद करून चार दिवस आत घालायचं, हे आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अजूनही हत्यार म्हणून वापरलं जातं. शिवाय त्यातला खरा इलाज दुसरीकडे आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करायची नाही, गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलेलं आहे. ते ठाण्याठाण्यांत खरोखर पाळलं तर शेतमजुराला अटकपूर्व जामिनाची गरजच कमी वेळा पडेल. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अटक झालेल्या गरिबाला वकील फुकट मिळतो, हे आपल्यातल्या शिकल्यासवरल्यांनी निदान घरी काम करणाऱ्या माणसांना सांगून ठेवावं.

वकील विद्यार्थ्याने हा लेख वाचून एक दुरुस्ती सुचवली: "सर, एक वाक्य घाला. ज्याच्याविरुद्ध न्यायालयाने फरारी म्हणून उद्घोषणा काढली आहे त्याला साधारणपणे अटकपूर्व मिळत नाही. लोक अर्ज टाकून महिनोन् महिने लपून बसतात आणि मग मला विचारतात, का नाही मिळाला." घातलं बाबा.

त्या मुलाचा खटला अजून बोर्डावर आहे. गेल्या तारखेला फिर्यादीची साक्ष व्हायची होती, पण साक्षीदार आला नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.